ड्राइव्ह, कपॅसिटर आणि जनरेटर: एका इमारतीतील हार्मोनिकचे प्रकरण

पार्श्वभूमी

आठ मजल्यांची कार्यालयीन इमारत. पुरवठा ११ केव्हीवर, खाली ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स ५ टक्के, दुय्यम बाजू ४१५ व्होल्ट. वीज गेली की ५०० केव्हीएचा डीजी सेट लागतो आणि एक चिलर, लिफ्ट, सर्व्हर रूमची यूपीएस, पंप व मजल्यांवर थंड हवा खेळवणारे एएचयू त्यावर चालतात. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारे ३०० केव्हीएआरचे एपीएफसी पॅनेल होते. त्यात २५ आणि ५० च्या पायऱ्या होत्या, साधे कपॅसिटर, रिअॅक्टर एकालाही नाही.

वातानुकूलनाचा वीजवापर कमी करण्यासाठी दोन टप्प्यांत व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारे ड्राइव्ह, बसवले गेले. पहिल्या टप्प्यात चिल्ड वॉटरचे ३० किलोवॉटचे दोन आणि कंडेन्सरचे ३७ किलोवॉटचे दोन पंप आले. त्या ड्राइव्हमध्ये डीसी चोक आतच होता. दुसऱ्या टप्प्यात साडेसात किलोवॉटच्या बारा एएचयूंना ड्राइव्ह लागले. हे वेगळ्या पुरवठादाराकडून, छोट्या आकाराचे, आणि यात चोक नव्हता. खरेदीच्या कागदात चोकचा उल्लेखच नसल्यामुळे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. वीजवापर खरोखर घटला. पुढे जे झाले त्यामुळे ड्राइव्हची कल्पनाच चुकीची होती असे कोणी समजू नये.

अडचण

एएचयूचे ड्राइव्ह सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत एपीएफसी पॅनेलमधले फ्यूज उडू लागले. कपॅसिटरचे डबे फुगले. दुपारी भार वाढला की पॅनेलजवळ एक कर्कश गुणगुण ऐकू येई आणि ट्रान्सफॉर्मरचा आवाजही बदले. देखभाल करणाऱ्यांनी कपॅसिटर बदलले, तेही गेले. मग कोणीतरी जास्त केव्हीएआरचे बसवू असे सुचवले. तो उपाय घातक ठरला असता. का, ते मोजणीच्या भागात येते.

दुसरी तक्रार डीजीवरची होती. जनरेटर भार घेई, पण यूपीएस इनपुट नाकारून बॅटरीवर जाई, थोड्या वेळाने परत येई, पुन्हा बॅटरीवर जाई. एका लिफ्टचा ड्राइव्हही अधूनमधून ट्रिप होई. डीजीवर कपॅसिटर बँक इंटरलॉकने बंद राहते, त्यामुळे इथे कपॅसिटरला दोष देता येत नव्हता.

दोन्ही तक्रारींचे मूळ हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले प्रवाह, असावे हे सगळ्यांना पटले होते. एका पुरवठादाराने पाहणी करून १५० अॅम्पिअरच्या अॅक्टिव्ह फिल्टरचा प्रस्तावही दिला होता. व्यवस्थापनाची तो घेण्याची तयारी होती. त्याआधी एकदा नीट मोजा, एवढ्यासाठी आम्हाला बोलावले गेले.

मोजणी

सहा डायोडचा साधा ड्राइव्ह लाइनमधून सलग प्रवाह घेत नाही. आतला डीसी कपॅसिटर व्होल्टेजच्या शिखराजवळच भरला जातो, म्हणून प्रत्येक अर्ध्या लाटेत प्रवाहाचे दोन टोकदार उंचवटे येतात. त्या आकारात ५० हर्ट्‌झच्या मूळ प्रवाहाबरोबर पाचवे, सातवे, अकरावे, तेरावे अशी हार्मोनिक असतात. चोक असला तर उंचवटे पसरट होतात आणि हार्मोनिक घटतात. चोक नसेल तर ती मूळ प्रवाहाच्या कितीतरी मोठ्या हिश्शापर्यंत जातात.

ड्राइव्हच्या पॅनेलवर अॅनालायझर लावला तेव्हा भर दुपारी मूळ प्रवाह २२० अॅम्पिअर, पाचवे हार्मोनिक ९६ आणि सातवे ४८ अॅम्पिअर मिळाले. प्रवाहाची टीएचडी, म्हणजे मूळ प्रवाहाच्या तुलनेत सगळ्या हार्मोनिकचे एकत्रित प्रमाण, सुमारे ५० टक्के. यात पंपांचा मूळ प्रवाह १३० आणि एएचयूंचा फक्त ९०, तरीही पाचव्या हार्मोनिकचा मोठा वाटा एएचयूंचा आणि सातव्याचा तर दोन तृतीयांश त्यांचाच. प्रत्येक एएचयू लहान, म्हणून त्यांच्याकडे आधी कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मग मेन इनकमर. ड्राइव्ह ४८ अॅम्पिअरचे सातवे हार्मोनिक देत असताना इनकमरवर सातव्याचा आकडा २४० अॅम्पिअर होता, म्हणजे पाचपट. पाचवेही जवळपास १८० पर्यंत वाढलेले. बसबारवर व्होल्टेजची टीएचडी १२ टक्क्यांच्या आसपास. पॅनेल ऑपरेटरचा पहिला प्रश्न होता, "साहेब, सीटी उलटी तर लागली नाही ना?" शंका रास्त होती, पण प्रवाह मोजणारी सीटी बरोबर होती.

त्यानंतरची चाचणी अगदी साधी होती आणि साऱ्या प्रकरणाला तिनेच दिशा दिली. एपीएफसी मॅन्युअलवर घेऊन एकेक पायरी बंद केली आणि प्रत्येक पायरीनंतर सातव्या हार्मोनिकचा आकडा लिहून घेतला. सगळे कपॅसिटर बंद झाल्यावर तो ४६ अॅम्पिअरवर उतरला, पाचवे ९० वर, आणि व्होल्टेजची टीएचडी ३.८ टक्के. पायऱ्या पुन्हा चढवत गेलो तसे सातवे वाढत गेले आणि २२५ ते २५० केव्हीएआरच्या दरम्यान शिखर गाठले. नेमका हाच टप्पा दुपारच्या भाराला एपीएफसी स्वतःहून चालू ठेवत होता, कारण चिलर अर्ध्या भारावर असले की त्यांचा पॉवर फॅक्टर खाली येतो.

कारण कागदावर पडताळता येते. ट्रान्सफॉर्मर आणि वरची वाहिनी मिळून ४१५ व्होल्टच्या बसबारवर शॉर्ट सर्किट क्षमता सुमारे ११.६ एमव्हीए येत होती. ट्रान्सफॉर्मरचे इंडक्टन्स आणि कपॅसिटर यांचा समांतर रेझोनन्स कितव्या हार्मोनिकवर येईल, याचे सूत्र असे, यात Ssc म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता आणि Qc म्हणजे चालू कपॅसिटरचे केव्हीएआर:

```
h = √(Ssc / Qc) = √(11600 / 240) ≈ 7
```

आता जास्त केव्हीएआर बसवण्याचा विचार करून पाहा. Qc वाढले की h खाली येतो. सुमारे ४६० केव्हीएआरला तो बरोबर पाचवर आला असता, आणि पाचवे हार्मोनिक तर मुळातच सातव्याच्या दुप्पट होते.

सातव्या हार्मोनिकचे व्होल्टेज साडेदहा टक्के असले तर कपॅसिटरमधून त्या वारंवारतेचा प्रवाह सातपट, म्हणजे त्याच्या रेटेड प्रवाहाच्या सुमारे तीन चतुर्थांश जातो. मूळ प्रवाह आणि पाचवे त्यात मिळवले की एकूण आरएमएस प्रवाह रेटेडच्या जवळजवळ १.३ पट. साध्या कपॅसिटरला सतत सोसवणारी मर्यादाही साधारण एवढीच. बंदिस्त, तापलेल्या पॅनेलमध्ये रोज दुपारी त्या कडेवर राहिलेले डबे फुगले यात नवल नाही.

डीजीवर स्वतंत्र मोजणी केली. त्या अल्टरनेटरचा सबट्रान्झिएंट रिअॅक्टन्स १४ टक्के, त्यामुळे शॉर्ट सर्किट क्षमता जेमतेम ३.६ एमव्हीए, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या एक तृतीयांशाहूनही कमी. हार्मोनिक प्रवाह तेवढाच किंवा थोडा कमी असला तरी स्रोत कमकुवत असल्यामुळे व्होल्टेज खूप जास्त बिघडते. टीएचडी साडेदहा टक्के आली, त्यात एकटे पाचवे साडेआठ. यूपीएसच्या पुस्तिकेत इनपुटची मर्यादा ८ टक्के लिहिलेली होती. यूपीएस बिचारी सांगितल्याप्रमाणेच वागत होती.

निर्णयाचे पहिले वळण: प्रश्न एक की दोन?

इथे आम्ही व्यवस्थापनासमोर एकच मुद्दा ठेवला. लाइनवरचा बिघाड आणि डीजीवरचा बिघाड यांचा उगम एक असला तरी आजार दोन आहेत. लाइनवर ड्राइव्हचे हार्मोनिक एरवी सोसवण्याजोगे होते. कपॅसिटर बँक त्यांना फुगवत होती. डीजीवर कपॅसिटर नव्हतेच. तिथे स्रोतच मऊ होता.

हार्मोनिकच्या मर्यादा सांगणाऱ्या आयईईई ५१९ या मानकाच्या नजरेतूनही हेच दिसत होते. वीजपुरवठ्याची मोजणी ११ केव्हीवर, आणि त्या बिंदूवरची शॉर्ट सर्किट क्षमता इमारतीच्या कमाल मागणीच्या अडीचशेपटीहून अधिक. अशा ग्राहकासाठी प्रवाहाच्या विकृतीची मर्यादा कमाल मागणीच्या १५ टक्के आणि पाचव्या-सातव्यासारख्या हार्मोनिकला प्रत्येकी १२ टक्के आहे. कपॅसिटर बंद असताना इमारत १३ टक्क्यांवर होती, पाचवे साडेअकरावर. म्हणजे काठावर, पण आत. कपॅसिटर चालू असताना तीच इमारत ३९ टक्क्यांवर जात होती.

त्याच वेळी हेही सांगावे लागले की ही मर्यादा पुरवठ्याच्या जोडबिंदूसाठी आहे. ती पाळली म्हणून डीजीवरची यूपीएस सुखी होईल असे नाही. आतल्या उपकरणांसाठी आतल्या बसबारचे व्होल्टेज बघावे लागते, आणि तेही दोन्ही स्रोतांवर.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुरवठादाराचाच होता: १५० अॅम्पिअरचा अॅक्टिव्ह फिल्टर, बाकी काही न बदलता. ड्राइव्हचा हार्मोनिक प्रवाह सगळा मिळून १०९ अॅम्पिअर, म्हणून आकडा बरोबर वाटत होता. पण त्यात दोन खोट होत्या. रिअॅक्टर नसलेली कपॅसिटर बँक त्याच बसबारवर ठेवून अॅक्टिव्ह फिल्टर चालवला तर फिल्टर सोडत असलेल्या प्रवाहालाही तोच रेझोनन्स भेटतो, आणि फिल्टरचे नियंत्रण डळमळू शकते. दुसरी खोट चोक नसलेल्या एएचयूंची. अॅक्टिव्ह फिल्टर व्होल्टेज स्वच्छ करतो, त्यामुळे अशा ड्राइव्हला पुरवठा आणखी ताठ मिळतो आणि त्याचे टोकदार उंचवटे अधिकच टोकदार होतात. फिल्टरने जेवढे भरून काढायचे तेवढेच वाढत जाते. चोक नसलेल्या ड्राइव्हला निदान ३ टक्क्यांचा लाइन रिअॅक्टर लावल्याशिवाय अॅक्टिव्ह फिल्टर घेऊ नये, असे आमचे मत आहे आणि या प्रकरणानंतर ते पक्के झाले.

दुसरा पर्याय प्रत्येक ड्राइव्हपुढे पॅसिव्ह एलसी फिल्टर. पूर्ण भाराला ते प्रवाहाची टीएचडी ५ ते ८ टक्क्यांवर आणतात, रचना साधी असते, आणि पंप एकाच वेगाने चालत असते तर आम्ही कदाचित तेच सुचवले असते. पण त्यांच्यात कपॅसिटर असतात, आणि मोटर थांबली तरी ड्राइव्हचा पुरवठा चालू असेपर्यंत ते लाइनवरच राहतात. सोळाही ड्राइव्हना बसवले असते तर रात्री साठ-पासष्ट केव्हीएआर लीडिंग आणि यूपीएसच्या इनपुट फिल्टरचे वीस-पंचवीस वेगळे. रात्री वीज गेली की डीजीवर भार सत्तर किलोवॉटच्या आसपास असतो. बहुतेक अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या साधारण पंधरा-वीस टक्क्यांपुढे लीडिंग केव्हीएआर झेपवू शकत नाहीत. व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर एक्सायटेशन कमी करत तळाला जातो आणि व्होल्टेज हाताबाहेर चढते. इथे तो आकडा ७५ ते १०० केव्हीएआर, आणि आम्ही अगदी त्याच्या तोंडाशी पोचलो असतो. कमी भाराला कपॅसिटर सोडवणारे कॉन्टॅक्टर मिळतात, पण सोळा ठिकाणी सोळा कॉन्टॅक्टर सांभाळणे देखभाल विभागाला नको होते.

अॅक्टिव्ह फ्रंट एंडचे नवे ड्राइव्ह घेण्याचा पर्याय चर्चेत आला आणि लगेच मागे पडला. ड्राइव्ह नवेकोरे होते.

उरला टप्प्याटप्प्याचा मार्ग: आधी कपॅसिटर बँक सुधारायची, मग एएचयूंना लाइन रिअॅक्टर, आणि त्यानंतर डीजीवर पुन्हा मोजून गरज उरली तर तेवढ्याच मापाचा अॅक्टिव्ह फिल्टर. व्यवस्थापनातील एकांनी विचारले, "मग शेवटी फिल्टर घ्यायचाच असेल तर आजच का नको?" उत्तर असे की मधल्या दोन टप्प्यांनी फिल्टरचे माप बदलणार होते, आणि फिल्टर घेतला तरी ते दोन टप्पे टळणार नव्हते.

काय केले

कपॅसिटर बँकेला ७ टक्क्यांचे डिट्यूनिंग रिअॅक्टर घेतले. त्यामुळे प्रत्येक पायरी १८९ हर्ट्‌झला, म्हणजे ३.८ व्या हार्मोनिकला जुळते, आणि पाचव्या व त्यापुढच्या हार्मोनिकसाठी ती इंडक्टिव्ह दिसते. मग ट्रान्सफॉर्मरबरोबर त्या पट्ट्यात रेझोनन्स होण्याचा प्रश्नच उरत नाही, कितीही पायऱ्या चालू असोत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण खर्च वाचवण्यासाठी ती नेहमी गाळली जाते. जुने ४४० व्होल्टचे कपॅसिटर ठेवून नुसते रिअॅक्टर जोडता येत नाहीत. मालिकेत रिअॅक्टर आला की कपॅसिटरवरचे व्होल्टेज सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते. ४१५ चे ४४६ होते, आणि पुरवठा चढा असेल तर त्याहूनही वर. म्हणून नवे कपॅसिटर ५२५ व्होल्टचे घेतले. त्यांचे केव्हीएआर ५२५ ला छापलेले असतात, कमी व्होल्टेजला ते वर्गाच्या प्रमाणात घटतात, म्हणून प्रत्यक्ष मिळणारे केव्हीएआर हिशेबाने काढून पायऱ्या ठरवल्या. रिअॅक्टर तापतात, त्यामुळे पॅनेलला पंखे आणि प्रत्येक रिअॅक्टरला थर्मल स्विच दिला.

एवढ्यावर लाइनवरची तक्रार संपली. भर दुपारी, सगळ्या आवश्यक पायऱ्या चालू असताना व्होल्टेजची टीएचडी २.६ टक्के आली. कपॅसिटर बंद असतानाच्या ३.८ पेक्षाही ती कमी, कारण डिट्यून केलेली बँक पाचव्या हार्मोनिकचा काही भाग स्वतःत ओढून घेते.

दुसऱ्या टप्प्यात बारा एएचयूंच्या ड्राइव्हपुढे ५ टक्क्यांचे लाइन रिअॅक्टर लावले. रिअॅक्टरमुळे ड्राइव्हच्या डीसी बसचे व्होल्टेज थोडे खाली येते, आणि मोटर पूर्ण वेगाला पूर्ण भारावर चालणार असेल तर ते जाणवते. हे पंखे कधीच पूर्ण वेगाला जात नव्हते. ड्राइव्ह पॅनेलवरचे पाचवे हार्मोनिक ९६ वरून ७२ अॅम्पिअरवर आणि सातवे ४८ वरून २७ वर आले.

मग पुन्हा डीजी. टीएचडी ७.८ टक्के, एकटे पाचवे ६.४. यूपीएस बहुतेक वेळा टिकून राही, पण भार वाढला की अलार्म येई.

निर्णयाचे दुसरे वळण: इथे थांबायचे का?

८ च्या मर्यादेपेक्षा ७.८ कमी आहे, इथेच थांबू, असा सूर निघाला. आम्ही नको म्हटले. एकतर कमी व्होल्टेजच्या बसबारवर कोणतेही एक हार्मोनिक ५ टक्क्यांपुढे जाऊ नये ही आयईईई ५१९ मधली खूण ६.४ ओलांडत होते. दुसरे म्हणजे त्या दिवशी चारपैकी एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता.

त्यामुळे फिल्टर घेतला, पण १०० अॅम्पिअरचा. उरलेला हार्मोनिक प्रवाह ७९ अॅम्पिअर होता, बंद पंपाची भर धरूनही तो बसत होता. फिल्टर मेन बसबारवर न ठेवता ड्राइव्ह पॅनेलवर ठेवला आणि सीटी त्याच पॅनेलच्या इनकमरवर बसवल्या. याचे कारण असे की स्रोत लाइन असो वा डीजी, ड्राइव्हचा प्रवाह त्याच जागेतून जातो, आणि कपॅसिटर बँकेचा प्रवाह त्या सीटींना दिसत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर दोन फेजमधले पाचवे हार्मोनिक कोसळले आणि तिसऱ्या फेजमध्ये जवळजवळ दुप्पट झाले. असे दिसले की दुसरे काही शोधू नये. त्या फेजची सीटी उलटी असते आणि फिल्टर वजा करण्याऐवजी भर घालत असतो. सुरुवातीला ऑपरेटरने विचारलेला प्रश्न इथे खरा ठरला. एस१ आणि एस२ च्या तारा बदलल्यावर तिन्ही फेज सारखे झाले.

परिणाम

ड्राइव्ह पॅनेलच्या इनकमरवर प्रवाहाची टीएचडी ६ टक्क्यांवर आली. डीजीवर, चारही पंप चालू असताना, व्होल्टेजची टीएचडी ३.४ टक्के. यूपीएस आता डीजीचा पुरवठा घेते आणि घेऊन राहते. लिफ्टची ट्रिपही थांबली. नव्या कपॅसिटरचा प्रवाह रेटेडच्या आतच आहे.

फिल्टर स्वतः दोन-एक किलोवॉट उष्णता सोडतो. तो बसवलेली खोली आधी बंद होती, तिथे हवेची वाट करावी लागली. हवेची जाळी धुळीने भरली की फिल्टर आपली क्षमता आपोआप घटवतो आणि कोणाला कळतही नाही, म्हणून जाळी साफ करणे देखभालीच्या मासिक यादीत घातले.

रात्रीच्या मोजणीत एकदा गोंधळ झाला. फिल्टर स्टँडबायवर असताना ड्राइव्ह पॅनेलची टीएचडी ८० टक्क्यांवर दिसली आणि काम फसले अशी भीती पसरली. मूळ प्रवाह तेव्हा ३० अॅम्पिअर होता, म्हणजे हार्मोनिक जेमतेम २४ अॅम्पिअर. ड्राइव्ह कमी भारावर आला की टक्केवारी चढते आणि अॅम्पिअर उतरतात. ट्रान्सफॉर्मर, डीजी आणि केबल यांना अॅम्पिअरच कळतात.

वेगळे काय करता आले असते

ड्राइव्हच्या खरेदीच्या कागदात "५ टक्क्यांचा लाइन रिअॅक्टर किंवा तितक्याच परिणामाचा डीसी चोक" ही एक ओळ असती तर एएचयूंचा टप्पा नंतर करावा लागला नसता. बारा पॅनेल पुन्हा उघडून, डक्टच्या वरच्या अडचणीच्या जागेत रिअॅक्टरसाठी वेगळे डबे बसवणे हे सगळ्या कामातले सर्वांत कटकटीचे होते.

पहिले कपॅसिटर गेले तेव्हाच बँक बंद-चालू करून मोजणी झाली असती तर मधल्या दोन खेपेचे कपॅसिटर वाचले असते. त्या चाचणीला अॅनालायझर आणि अर्धा तास पुरतो. आणि ड्राइव्ह येण्याआधीच एपीएफसीचा फेरहिशेब व्हायला हवा होता. ड्राइव्हवर गेलेल्या मोटरचा मूळ पॉवर फॅक्टर लाइनच्या बाजूने ०.९८ च्या आसपास दिसतो, तिला कपॅसिटरची गरज उरत नाही. ३०० केव्हीएआरची बँक जुन्या, थेट चालणाऱ्या मोटरांच्या काळातली होती.

डीजीची निवड मात्र नव्याने करता येणार नव्हती. नवी इमारत असती तर ड्राइव्हचा भार ठरल्यावर अल्टरनेटर एका आकाराने मोठा, कमी सबट्रान्झिएंट रिअॅक्टन्सचा घेऊन अॅक्टिव्ह फिल्टर टाळता आला असता का, हा हिशेब आम्ही आधी केला असता. इथल्या आकड्यांवरून १० टक्के रिअॅक्टन्सच्या ७५० केव्हीएच्या अल्टरनेटरवर, नुसत्या लाइन रिअॅक्टरसह, टीएचडी साडेचारच्या आसपास राहिली असती.